कंपोझिशन की रेग्युलर? एका बिलाचा हिशेब

इलेक्ट्रिकलच्या दुकानासाठी मी आधी जीएसटीची कंपोझिशन योजना घेतली होती, आता रेग्युलरमध्ये आहे. खरा फरक इनपुट टॅक्स क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर दिलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करण्याचा आहे, आणि तो एकाच बिलावर कळतो.

समजा, होलसेलरकडून 10,000 ची वायर आणि स्विच घेतले. 18 टक्क्यांनी जीएसटी 1,800, बिल झालं 11,800 चं. या मालावर आपल्याला 2,000 सुटायला हवेत.

रेग्युलरमध्ये ते 1,800 आपला खर्च नाहीत, क्रेडिट म्हणून जमा होतात. माल 12,000 ला लावला, वर 2,160 जीएसटी, म्हणजे गिऱ्हाइकाचं बिल 14,160. त्या 2,160 मधून 1,800 वजा करायचे आणि उरलेले 360 सरकारला रोख भरायचे.

कंपोझिशनमध्ये क्रेडिट नाही, त्यामुळे 1,800 मालाच्या किमतीतच मुरतात. शिवाय विक्रीवर 1 टक्का आपल्या खिशातून, कारण बिलात कर वेगळा लावता येत नाही. तेवढेच 2,000 सुटायला माल 13,939 ला विकावा लागतो.

घरगुती गिऱ्हाइकाला हा माल 221 रुपयांनी स्वस्त पडतो. पण वायरिंगचा कॉन्ट्रॅक्टर जीएसटीवाला असेल तर गणित उलटतं. रेग्युलरच्या बिलावर त्याला 2,160 चं क्रेडिट मिळतं, माल 12,000 लाच पडतो. कंपोझिशनच्या ‘बिल ऑफ सप्लाय’वर त्याला काहीच मिळत नाही, पूर्ण 13,939 अंगावर येतात. मला नेमकं हेच नडलं. भाव पटायचा, माल पसंत पडायचा, आणि शेवटी प्रश्न यायचा, “शेठ, टॅक्स इन्व्हॉइस मिळेल ना?” तिथे कितीही सूट दिली तरी ऑर्डर हातून जायची.

रेग्युलरलाही त्रास आहेच. होलसेलरने विक्रीचं रिटर्न, म्हणजे GSTR-1, वेळेत भरलं नाही तर आपलं बिल GSTR-2B या आपल्या क्रेडिटच्या यादीत दिसत नाही. मग त्या वेळी 1,800 वजा करता येत नाहीत, 360 ऐवजी पूर्ण 2,160 रोख भरावे लागतात. बिल पुढे दिसलं की क्रेडिट मिळतं, पण तोवर पैसा अडकतो. म्हणून महिन्याच्या 14 तारखेनंतर मी खरेदीची बिलं 2B शी जुळवून बघतो, आणि ज्याची बिलं वारंवार गायब असतात त्याला कराची रक्कम बिल दिसल्यावरच देतो. नियमित होलसेलर याला सहसा हरकत घेत नाहीत.

सगळी विक्री घरगुती गिऱ्हाइकांना असेल आणि बिलं जुळवायला कुणी नसेल तर कंपोझिशन कदाचित बरं पडेल. महिन्याला दोन-चार कॉन्ट्रॅक्टर जरी येत असतील तरी मी रेग्युलरच घेईन. आणि एकदा रेग्युलर झाल्यावर कंपोझिशनकडे परतताना शिल्लक मालावर घेतलेलं क्रेडिट परत भरावं लागतं. तेव्हा गोदाम भरलेलं असताना तो निर्णय घेऊ नका.