शेतातला कॅमेरा आणि राउटर रात्रभर चालवायचे आहेत: लेड-ॲसिड घ्यावी की लिथियम, आणि पॅनल किती वॉटचं?

सांगोल्याजवळ मेहुण्यांची डाळिंबाची बाग आहे. फळं तोडणीला आली की रात्री राखण लागते. फीडरला वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, तीही आठ तास. म्हणून शेततळ्याच्या खांबावर एक कॅमेरा आणि सिमकार्डचा राउटर सोलरवर लावायचं ठरलं. तालुक्याच्या दुकानात पहिला सेट मिळाला तो असा: 100 वॉटचं पॅनल, पॅनलमधून बॅटरी भरणारा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, 100 एएचची लेड-ॲसिड बॅटरी आणि छोटा इन्व्हर्टर. एप्रिलमध्ये छान चालला. जुलैत ढग धरले आणि तिसऱ्या रात्रीपासून पहाटे साडेतीनला रेकॉर्डिंग तुटायला लागलं. तुम्ही असाच सेट घेण्याच्या विचारात असाल तर आधी हे वाचा.

सगळ्यात आधी लोड मोजा. कॅमेऱ्याच्या खोक्यावरचा आकडा कमाल वापराचा असतो, त्यावर हिशोब करू नका. बॅटरी आणि कॅमेऱ्याच्या मध्ये डीसी वॉटमीटर लावून एक दिवस आणि एक रात्र आकडे लिहून काढले. कॅमेरा दिवसा साधारण साडेतीन वॉट घेतो, रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की साडेसहा. राउटर दिवसरात्र सहा वॉट. वायर आणि कंट्रोलरची गळती धरून चोवीस तासांचे झाले जवळपास 300 वॉट-अवर. सोलरच्या दृष्टीने रात्र सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत नसते, हेही इथेच लक्षात घ्या. डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारनंतर पॅनल फारसं काही देत नाही आणि सकाळी साडेआठपर्यंत पुन्हा सुरू होत नाही. बॅटरीची रात्र सोळा तासांची असते, आणि तेवढ्या वेळात आमच्या सेटला सुमारे 210 वॉट-अवर लागतात.

आता पहिली तुलना, इन्व्हर्टर की थेट डीसी. इथे माझं मत पक्कं आहे. छोटा इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच आठ-दहा वॉट खातो, म्हणजे दिवसाला 200 वॉट-अवरच्या पुढे. 300 चा लोड 500 वर जातो, आणि तो 230 व्होल्ट करून ॲडॉप्टरने परत 12 व्होल्टच करायचे असतात. कॅमेरा आणि राउटर दोन्ही 12 व्होल्टचे घ्या आणि मध्ये 12 व्होल्ट स्थिर देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवा, कारण चार्जिंगच्या वेळी बॅटरी 14.4 व्होल्टपर्यंत जाते आणि प्रत्येक राउटरला ते चालत नाही. वायर पातळ असेल तर उलटं होतं: 20 मीटर लांब, दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरमध्ये एवढ्या लोडवर अर्धा व्होल्ट पडतो. बॅटरी उतरलेली असताना तोच अर्धा व्होल्ट राउटर रीस्टार्ट करायला पुरतो. म्हणून बॅटरी खांबापाशीच ठेवा.

पॅनलवर लोक पैसे वाचवतात आणि तिथेच फसतात. स्वच्छ उन्हात 100 वॉटचं पॅनल चार पूर्ण उन्हाच्या तासांत, पॅनलमधून जास्तीत जास्त वॉट काढून घेणारा एमपीपीटी कंट्रोलर असेल तर, साधारण 320 वॉट-अवर देतं. पीडब्ल्यूएमवर त्याहून कमी, कारण तो 18 व्होल्टच्या पॅनलला बॅटरीच्या 13 व्होल्टपर्यंत खाली ओढतो आणि मधला फरक वाया जातो. लोड 300 चा आहे. म्हणजे दोन ढगाळ दिवसांत बॅटरी उतरली, तर पुढे ऊन आलं तरी ती भरत नाही, रोजचं रोज खपतं. 200 वॉटचं पॅनल असेल तर त्याच उन्हात 640 मिळतात, 300 लोडला जातात आणि 340 बॅटरीत साठतात. 600 ची तूट दोन दिवसांत भरून निघते. दाट ढगातही, दीड तासाचं ऊन धरलं तर, 200 वॉटचं पॅनल 240 देतं, म्हणजे रोजची तूट साठाचीच राहते. 100 वॉटवर ती 180 ची असते. मोठ्या बॅटरीपेक्षा मोठं पॅनल पावसाळ्यात जास्त कामाला येतं.

एक सावधगिरी: घराच्या छतावरचं उरलेलं 540 वॉटचं पॅनल 12 व्होल्टच्या पीडब्ल्यूएमवर जोडू नका. त्याचं उघडं, म्हणजे काहीही न जोडता मोजलेलं, व्होल्टेज 49 च्या आसपास असतं. साधा कंट्रोलर ते झेपवत नाही, झेपवलं तरी तीनशेहून अधिक वॉट वाया जातात.

राहिली बॅटरी. दोन दिवसांचा साठा हवा तर 600 वॉट-अवर वापरता आले पाहिजेत. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून 100 एएच लागते, वजन 30 किलोच्या आसपास. लिथियम आयर्न फॉस्फेट 80-85 टक्के वापरता येते, 60 एएच पुरते आणि ती सात-आठ किलोची असते. खरेदीला लेड-ॲसिड बरीच स्वस्त. पण पावसाळ्यात ती मार खाते. लेड-ॲसिडला शेवटचे 15-20 टक्के भरायला तासन् तास पूर्ण व्होल्टेज लागतं, जे ढगात मिळत नाही. महिनाभर अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता परत येत नाही. आमच्या बॅटरीचं पहाटेचं व्होल्टेज एप्रिलमध्ये 12.4 होतं, ऑगस्टमध्ये तेवढ्याच लोडवर 11.6. लिथियमला अर्धवट भरलेलं राहण्याचा त्रास नाही.

लिथियमचेही दोन दोष सांगतो. तिचं व्होल्टेज बराच काळ 13 च्या आसपास सपाट राहतं, म्हणून व्होल्टमीटर लावून किती उरली ते कळत नाही. एएच मोजणारा मीटर वेगळा लावावा लागतो. आणि पार उतरली की आतला बीएमएस, म्हणजे बॅटरी जपणारं सर्किट, तिला तोडतो. काही कंट्रोलर मग बॅटरीच ओळखत नाहीत, सकाळी ऊन येऊनही चार्जिंग सुरू होत नाही आणि कोणीतरी जाऊन जागं करावं लागतं. त्यासाठी कंट्रोलरचा लोड तोडण्याचा आकडा 12 व्होल्टच्या वर ठेवा आणि बॅटरीचा प्रकार लिथियम निवडा. आमचा दुसरा सेट बसवताना दुसरंच काही राहून गेलं: कंट्रोलरच्या लोडची सेटिंग स्ट्रीट लाइटची होती, म्हणजे अंधार पडला की चालू आणि उजाडलं की बंद. सकाळी सात वाजता, बॅटरी भरलेली असताना, कॅमेरा बंद. लोड चोवीस तास चालू असा केला आणि प्रश्न मिटला.

आता 200 वॉटचं पॅनल, एमपीपीटी, 60 एएच लिथियम आणि थेट डीसी असा सेट त्या खांबावर आहे. मेहुण्यांच्या जागी लेड-ॲसिड मी दोनच ठिकाणी सुचवेन. एक, घरी इन्व्हर्टरची बॅटरी पडून असेल आणि हंगाम ऑक्टोबर ते मेपुरताच असेल. दुसरं, कॅमेऱ्याजवळ रोज माणूस जात असेल आणि उतरलेली बॅटरी घरी आणून चार्ज करणं शक्य असेल. तेव्हाही पॅनल मात्र 200 वॉटच्या खाली आणू नका, आणि बॅटरीची पेटी सावलीत ठेवा. मे महिन्यात उन्हातल्या लोखंडी पेटीत दोन्ही बॅटऱ्यांचं आयुष्य घटतं, लेड-ॲसिडचं तर दर दहा अंशांना जवळपास निम्मं.