कॅल्शियम सायट्रेट, पण जेवणाच्या मधोमध: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

हा अनुभव एका साध्या गोळीचा आहे. अकरा महिन्यांपैकी पहिले तीन महिने मी ती रोज न चुकता घेतली आणि तिचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. नंतरचे आठ महिने तीच गोळी घेतली आणि रिपोर्ट बदलला. मधे बदललं ते मुख्यतः घड्याळ.

आधी पार्श्वभूमी. क्रोन्स या आतड्याला सूज आणणाऱ्या आजारामुळे माझ्या लहान आतड्याचा शेवटचा साधारण साठ सेंटिमीटरचा तुकडा काढावा लागला. मोठं आतडं शाबूत आहे. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल. ऑपरेशननंतर दिवसाला चार-पाच वेळा पातळ शौच हे नेहमीचंच झालं होतं. दोन वर्षांनी पहिला मुतखडा पडला आणि त्यानंतर सहा महिन्यांत दुसरा. तपासला तर कॅल्शियम ऑक्झलेटचा. ताईने तोडगा लगेच सांगितला, "अगं, खडा कॅल्शियमचाच ना? मग वरून आणखी कॅल्शियम कशाला गिळतेस?" मलाही ते पटलं. हाडांसाठी चालू असलेल्या गोळ्या मी बंद केल्या, दूधही कमी केलं. माझ्यासारख्या माणसाने नेमकं हेच करायचं नसतं.

कारण समजून घ्यायला मला वेळ लागला, म्हणून इथे सावकाश लिहिते. अन्नातलं ऑक्झलेट आणि अन्नातलं कॅल्शियम आतड्यात एकमेकांना धरतात, त्यांचा न विरघळणारा क्षार बनतो आणि तो शौचावाटे निघून जातो. निरोगी माणसात हा व्यवहार आतड्यातच मिटतो, लघवीपर्यंत फारसं काही पोचत नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग पित्तातली आम्लं परत शोषून घेतो. तो भाग गेला की पित्ताम्लांचा तुटवडा पडतो आणि स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत. न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून बसते, तिचा एक प्रकारचा साबणच होतो. ऑक्झलेटला धरायला कॅल्शियम उरत नाही. ते मोकळं राहून मोठ्या आतड्यात जातं, आणि तिथली भिंत वाहून आलेल्या पित्ताम्लांनी व चरबीने आधीच झिरपणारी झालेली असते. ऑक्झलेट रक्तात शिरतं, मूत्रपिंडात येतं, तिथे कॅल्शियमला गाठतं, आणि खडा तयार. याला एंटेरिक हायपरऑक्झल्युरिया म्हणतात. ज्यांचं मोठं आतडं काढलेलं आहे किंवा वापरात नाही, त्यांना हा त्रास सहसा होत नाही. खडे त्यांनाही होतात, पण ते बहुतेकदा युरिक ॲसिडचे.

थोडक्यात, माझ्या जेवणाला कॅल्शियम जास्त हवं होतं आणि मी ते कमी करत होते.

चोवीस तासांच्या लघवीची पहिली तपासणी झाली. ऑक्झलेट 86 मिलिग्रॅम आलं. साधारण 40 च्या आत असायला हवं. कॅल्शियम जेमतेम 58. खडा अडवणारं सायट्रेट 95, म्हणजे फारच कमी. दिवसभराची लघवी 1.2 लिटर. पातळ शौचातून पाणी आणि क्षार दोन्ही वाहून जातात, म्हणून लघवी थोडी, आम्लधर्मी आणि सायट्रेट नसलेली. डॉक्टरांनी कॅल्शियम सायट्रेट लिहून दिलं आणि "जेवणाबरोबर घ्या" असं सांगितलं. तेही मी ऐकलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण घरी येऊन हिशेब मांडला. सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी, तिच्यापासून कॅल्शियम चार तास लांब हवं. दुपारच्या जेवणानंतर लोहाची गोळी, कॅल्शियम तिच्याही आड येतं. उरली रात्र. म्हणून झोपताना दोन गोळ्या, एकदाच, कटकट नाही. तीन महिने असंच चाललं.

दुसऱ्या तपासणीत ऑक्झलेट 83. म्हणजे जागचं हललंच नव्हतं. लघवीतलं कॅल्शियम मात्र 121 वर गेलं होतं. डॉक्टरांनी कागदावरून मान वर करून एकच प्रश्न विचारला, "गोळी कधी घेता?" मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही खड्याला दोन्ही बाजूंनी माल पुरवताय."

रिकाम्या पोटी घेतलेल्या कॅल्शियमला धरायला आतड्यात ऑक्झलेट नसतं. त्यातलं काही शोषलं जातं आणि जास्तीचं लघवीत उतरतं. ऑक्झलेट तर जेवणाबरोबर येऊन कधीच रक्तात गेलेलं असतं. या आजारात ही गोळी हाडांसाठी नसून जेवणातच राहून ऑक्झलेट पकडण्यासाठी असते. ती शरीरात शिरली नाही तरी काम होतं. उलट, शिरली नाही तरच काम होतं.

दुसरी चूक त्याच भेटीत उघडी पडली. माझ्या डबीवर "कॅल्शियम सायट्रेट 1000 मिलिग्रॅम" असं होतं आणि मी ते हजार मिलिग्रॅम कॅल्शियम समजत होते. सायट्रेटमध्ये निव्वळ कॅल्शियम वजनाच्या साधारण 21 टक्के असतं. म्हणजे एका गोळीत 210. दोन गोळ्यांत 420, तेही चुकीच्या वेळी. लेबलावर 'एलिमेंटल कॅल्शियम' हा आकडा वेगळा दिलेला असतो, तोच बघायचा. कार्बोनेटमध्ये हे प्रमाण 40 टक्के असतं आणि गोळ्या कमी लागतात, पण ते विरघळायला पोटातलं ॲसिड लागतं. मी ॲसिडिटीची गोळी घेते, शिवाय सायट्रेटचा थोडा फायदा लघवीतल्या सायट्रेटलाही होतो, म्हणून माझ्यासाठी हेच.

नवं वेळापत्रक असं बसलं. नाश्त्याला एक, दुपारी दोन, रात्री दोन. मिळून 1050 मिलिग्रॅम. थायरॉईडची गोळी डॉक्टरांना विचारून रात्री साडेअकराला नेली. माझं जेवण साडेसातला होतं, त्यामुळे चार तास मिळतात. दोन महिन्यांनी थायरॉईडची टीएसएच ही रक्ततपासणी पुन्हा करून घेतली. लोहाची गोळी दुपारी साडेचारला, एकटीच. ज्यांना अशा इतर गोळ्या आहेत त्यांनी ही मांडणी आधी करून घ्यावी, नाहीतर कॅल्शियमची गोळी माझ्यासारखीच झोपण्याच्या वेळेला सरकते. काही अँटिबायोटिक्सही कॅल्शियमला धरून निकामी होतात. नवीन औषध मिळालं की मी हे विचारते.

"जेवणाबरोबर" म्हणजे नेमकं काय, यावरही मी घोळ घातला. आधी जेवायला बसताना दोन्ही गिळायचे. आता दोन-तीन घास झाले की एक आणि साधारण अर्ध्यात दुसरी. गोळी अन्नात मिसळायला हवी, अन्नाच्या पुढे धावायला नको. जेवण उरकल्यावर आठवली तर लगेच घेते. दोन तासांनी आठवली तर सोडून देते. राहिलेली गोळी झोपताना 'भरून काढायची' नाही. हे मी डबीवर लिहूनच ठेवलं आहे. ज्या जेवणात चरबी किंवा ऑक्झलेट जास्त, तिथे दोन गोळ्या. हलक्या नाश्त्याला एक पुरते. संध्याकाळी मूठभर बदाम खायची सवय मात्र सुटली. बदामात ऑक्झलेट भरपूर, आणि त्या वेळी पोटात कॅल्शियम नसतं. पालक आणि बीटही बंदच. बाकी भाज्या मी खाते, यादी घेऊन बसत नाही.

गोळीबद्दल दोन तक्रारी. एक, ती मोठी आहे, मधून मोडून घ्यावी लागते. दोन, पहिल्या कंपनीच्या आवरणवाल्या गोळ्या कधी कधी शौचात अख्ख्या दिसायच्या. आतड्यातून सगळं वेगाने सरकत असेल तर गोळीला विरघळायला सवड मिळत नाही. आता चावायची घेते. चव खडूसारखी आहे, पण निदान काम करून जाते.

अडीच महिन्यांनी तिसरी तपासणी: ऑक्झलेट 54, सायट्रेट 240, लघवी 1.9 लिटर. लघवीतलं कॅल्शियम 112, म्हणजे आधीपेक्षा जास्त गोळ्या घेऊनही वाढलं नाही. हा आकडा पाहून मला खरं समाधान झालं, कारण जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडकत होतं याचा तो पुरावा होता. सगळं श्रेय गोळीचं नाही. त्याच काळात मी तेल-तूप निम्म्यावर आणलं. पाणीही वाढवलं, पण नुसतं पाणी ढोसलं की शौच आणखी पातळ व्हायचं. मग त्यातला काही भाग ओआरएस घ्यायला लागले, तेव्हा लघवी वाढली.

तपासणीबद्दल एक सांगायलाच हवं. पहाटेची पहिली लघवी टाकायची, मग दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्या लघवीपर्यंत सगळी गोळा करायची. त्या दिवशी शहाण्यासारखं पथ्य पाळून बसू नका, रोजच्यासारखं खा, नाहीतर रिपोर्ट त्या एका दिवसाचा येतो. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या आधी काही दिवस थांबवा. शरीरात त्यांचंही ऑक्झलेट होतं. (मी तर त्या कायमच्या सोडल्या.) रिपोर्टमधलं क्रिएटिनिन मागच्या वेळेपेक्षा फार कमी दिसलं तर समजायचं की एखादी लघवी बाटलीत गेलीच नाही, आणि कमी दिसणारं ऑक्झलेट खोटं आहे.

ही पद्धत प्रत्येकाला पुरेल असं नाही. कुणाच्या लघवीतलं कॅल्शियम जेवणाबरोबर घेऊनही चढतं, मग डोस उतरवावा लागतो. ते तपासल्याशिवाय कळत नाही. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर हा डोस स्वतःच्या मनाने ठरवू नये. जुलाब पित्ताम्लांमुळे जास्त असतील तर कोलेस्टिरामिनसारखं पित्ताम्ल बांधणारं औषध देतात, पण खूप आतडं काढलेल्यांत त्याने चरबीचं पचन आणखी बिघडू शकतं. मला ते दिलेलं नाही. आणि रक्तातलं क्रिएटिनिन दर काही महिन्यांनी बघावंच लागतं, कारण ऑक्झलेट फक्त खडेच करत नाही, मूत्रपिंडाच्या पेशीजालातही बसतं आणि ते दुखत नाही.

अकराव्या महिन्याचा रिपोर्ट गेल्या आठवड्यात आला. ऑक्झलेट 49, सायट्रेट 290, लघवी 2.2 लिटर. ऑक्झलेट अजून हद्दीबाहेरच आहे. डाव्या बाजूचा चार मिलिमीटरचा जुना खडा सोनोग्राफीत तेवढाच दिसला, नवा एकही नाही. ताईने रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "मग आता कॅल्शियम बंद?" मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसले.