बंगळुरूचे अहवालपत्र आणि महाराष्ट्रातील गावांचे गुणपत्रक

बंगळुरूत सार्वजनिक व्यवस्थापनाचे अभ्यासक सॅम्युअल पॉल यांच्या पुढाकाराने 1994, 1999 आणि 2003 मध्ये नागरिक अहवालपत्रे निघाली. घरोघरी नमुना पाहणी करून पाणी, वीज, महापालिका अशा सेवांबाबतचे समाधान मोजले गेले, त्यामुळे संस्थांची तुलना करता आली आणि वर्षांगणिक बदलही दिसला. महाराष्ट्रात 2007 पासून आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेखीत गावकऱ्यांनीच गटचर्चेतून सेवांना चांगल्यासाठी हिरवा, मध्यमसाठी पिवळा वा वाईटासाठी लाल रंग देत गावाचे गुणपत्रक भरले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडले. मात्र हा रंग त्या गावापुरताच असतो, शिवाय बैठकीत वजनदार माणसांपुढे स्त्रिया गप्प राहिल्या, तर तो फसवा ठरतो. म्हणून स्त्रियांची चर्चा वेगळी घ्यावी. उपकेंद्रातील औषधटंचाई तातडीने सोडवायची असल्यास मी गुणपत्रकच निवडेन.