पायऱ्यांखालचा उजेड नक्की कोणासाठी? सोसायटीच्या खुल्या रंगमंचाचा एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गणेशोत्सवात मुलांची नाटुकली ऐन रंगात असताना सर्वांत वरच्या पायरीखालची दिव्यांची पट्टी लुकलुकायला लागली आणि पाच मिनिटांत गेली. म्हणून हे लिहितोय. गेली नसती तर कदाचित लिहिलं नसतं, कारण आमच्याकडे या रंगमंचाचं कौतुकच फार चालतं.

ते रेंडर, म्हणजे बांधण्याआधी संगणकावर काढलेलं चित्र, तुम्ही सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं आहे. कमानीसारख्या वळणाच्या दगडी पायऱ्या, प्रत्येक पायरीखाली मधासारख्या उजेडाची रेघ, वर जांभळं आकाश, दोन-चार पाठमोरी माणसं. आमच्या सभेत ते पडद्यावर लावलं आणि ठराव पास झाला. बांधकाम रेंडरबरहुकूम झालं हे मी मान्य करतो. पाच पायऱ्या, प्रत्येकी चाळीस सेंटिमीटर उंच आणि ऐंशी सेंटिमीटर खोल. वळणही तेच. माझं भांडण फक्त उजेडाशी आहे.

पट्टी बसवलीय पायरीच्या पुढे आलेल्या दगडाच्या पोटाशी. म्हणजे तिचं तोंड रंगमंचाकडे. प्रेक्षक येऊन बसले की ते रंगमंचाकडेच बघतात, त्यामुळे त्यांना ती रेघ दिसतच नाही. त्यांच्या पुढे असतात खालच्या ओळीतल्या लोकांची डोकी. स्वतःच्या पायरीखालची पट्टी त्यांच्याच पोटऱ्यांनी झाकलेली. मग ती सुंदर वळणं दिसतात कोणाला? रंगमंचावर उभा असतो त्याला. रेंडरमधला कॅमेरा नेमका तिथेच उभा होता! आमच्या भजनी मंडळातल्या काकू म्हणाल्या, "डोळ्यांवर दिवे येतात, समोर कोण बसलंय ते कळत नाही." आणि त्यांचा स्वतःचा चेहरा अंधारात, कारण समोरून उजेड टाकणारा एकही दिवा आराखड्यात नाही. रंगमंचाच्या छतात बसवलेल्या दिव्यांचा उजेड सरळ खाली पडतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत सावली आणि नाक तेवढं चमकतं. नाटकाला उजेड साधारण पंचेचाळीस अंशांतून, समोरच्या दोन्ही बाजूंनी लागतो. म्हणजे प्रेक्षकांच्या दोन्ही टोकांना एकेक खांब. पण खांब रेंडरमध्ये वाईट दिसतात, म्हणून ते नाहीत.

उतरताना तर मजाच. वरून खाली येणाऱ्याला पायरीची कड दिसायला हवी, आणि इथे उजेड आहे कडेच्या खाली, त्याच्याकडे पाठ करून. खालच्या पायरीवर थोडा प्रकाश सांडतो खरा, पण आमचा दगड काळा बेसाल्ट आहे आणि काळा दगड उजेड खातो. रेंडरमध्ये दगड पिवळसर होता, म्हणून तिथे सगळं उजळलेलं दिसलं. चित्रात दगडाचा रंग बदलायला फारसं काही लागत नाही, पण तो कोणी बदलून बघितला नाही. एका आजोबांचा पाय चुकल्यावर आम्ही पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या रंगाचे पट्टे मारले. खर्च एक डबा रंग आणि एक रविवार. उपयोग सगळ्या पट्ट्यांपेक्षा जास्त.

आता बिघाडाबद्दल. पट्टी लावणाऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले, "पाऊस लागला, हे वॉरंटीत येत नाही." उघड्यावरच्या दिव्याला पाऊस लागणार नाही तर काय लागणार? मी स्वतः वाकून पाहिलं. पुढे आलेल्या दगडाच्या खालच्या बाजूला पाणी तुटायला खाच मारलेली नाही. त्यामुळे कडेवरून आलेलं पाणी खाली टपकण्याऐवजी दगडाच्या पोटाला चिकटून मागे सरकतं आणि थेट पट्टीच्या खोबणीत जातं. पट्टी जलरोधक आहे, पण तारेचा जोड नुसता चिकटपट्टी गुंडाळून केलेला, आणि तो हिरवा पडला होता. एका बोटाच्या रुंदीची खाच मारली असती तर हे झालं नसतं. पाथरवटाला हे माहीत असतं, पण त्याला विचारतो कोण.

दुसरी भानगड त्याआधीपासून होती. वरची ओळ खालच्यापेक्षा कायम मंद आणि लालसर. आम्हाला सांगितलं, "लांबून बघताय म्हणून तसं वाटतं." वरच्या ओळीत दहा मीटर पट्टी, मीटरला दहा वॅट, म्हणजे शंभर वॅट. पट्टी बारा व्होल्टची, म्हणजे आठ अँपियरहून जास्त प्रवाह. वीजपेटी वीस मीटरवर, तार दीड चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन चाळीस मीटर तारेचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास. एवढा प्रवाह ओढला तर चार व्होल्ट वाटेतच संपतात. प्रत्यक्षात व्होल्ट पडले की प्रवाहही कमी होतो, म्हणून नुकसान थोडं कमी दिसतं, पण उजेड कमी व्हायचा तो होतोच. त्यात दहा मीटर पट्टी एकाच टोकाकडून जोडलेली. बारा व्होल्टची पट्टी एका टोकाकडून पाच मीटरच्या पुढे नेऊ नये, हे तिच्या पाकिटावरच असतं. चोवीस व्होल्टची घेतली तर प्रवाह निम्मा. तार चार चौरस मिलिमीटरची घातली तर वाटेतलं नुकसान एका व्होल्टच्याही आत. बिघाडानंतर आम्ही वरच्या ओळीला हेच केलं, दोन्ही टोकांकडून जोडणी देऊन. आता ती खालच्या ओळींपेक्षा उजळ दिसते, म्हणून बाकीच्या ओळीही बदला असं लोक म्हणतात. मी गप्प आहे.

इथपर्यंत वाचून वाटेल की मला हे दिवे काढून टाकायचे आहेत. दिवाळीत विचारलं असतंत तर हो म्हणालो असतो. पावसाळ्यात मत थोडं बदललं. कार्यक्रम नसतो त्या संध्याकाळी पायऱ्या रिकाम्या असतात, पट्ट्या झाकायला कोणाच्या पोटऱ्या नसतात, आणि फेरी मारणारी माणसं समोरच्या वाटेवरून जाताना थांबतात. म्हणजे हा उजेड रिकाम्या पायऱ्यांसाठीच आहे. शिवाय पिवळ्या उजेडाला पाखरं कमी येतात. फाटकाजवळच्या पांढऱ्या दिव्याखाली पावसाळ्यात ढीग पडायचा, इथे नाही.

मग एवढा उजेड कशाला, हा माझा पुढचा प्रश्न. सगळ्या मिळून चाळीस मीटर पट्ट्या, चारशे वॅट. संध्याकाळी पाच तास चालल्या की रोज दोन युनिट, महिन्याला साठ. मंदक लावून तीस टक्क्यांवर आणल्या तर अठरा-वीस युनिट, आणि पाहणाऱ्यांना फरक कळतही नाही, कारण आजूबाजूला अंधारच असतो. कार्यक्रमाच्या वेळी तर त्या आणखी मंद करतो, गाणाऱ्यांचे डोळे वाचतात.

बसण्याबद्दल दोन वाक्यं. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेला दगड रात्री आठलाही गरम असतो, बस्कर आणा. वळणाचा फायदा मात्र खरा आहे. शंभरेक माणसांपुढे माईकशिवाय बोललं तरी ऐकू येतं, आणि एकमेकांचे चेहरे दिसत असल्यामुळे सोसायटीची सभाही इथे लवकर आटोपते.

तुमच्याकडे असंच रेंडर आलं असेल तर करणाऱ्याकडून त्याच मॉडेलमधून आणखी दोन चित्रं मागा. एक, तिसऱ्या पायरीवर बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, पायऱ्या माणसांनी भरलेल्या. दुसरं, सर्वांत वरून खाली उतरताना. दगड जो घेणार तोच दाखवायला सांगा आणि आकाश काळं ठेवायला सांगा, कारण ते जांभळं आकाश रोज अर्धा तासही टिकत नाही. आमच्या कार्यक्रमांची वेळ साडेआठ असते.

कंत्राटदाराची राखून ठेवलेली रक्कम अजून आमच्याकडेच आहे. सगळ्या पायऱ्यांना खाच मारून झाली की देऊ, असं मी सचिवांना लेखी कळवलंय. दोन खांबांचा विषय पुढच्या सभेत आहे. खांबांमुळे "लूक जाईल" म्हणणारे सातजण आहेत आणि त्यांतला एकही कधी रंगमंचावर चढलेला नाही.