रात्रीची पिशवी: 4.25 टक्के की आयकोडेक्स्ट्रिन?

समजा, एक बाई सीएपीडीवर आहेत, म्हणजे पोटात द्रव भरून आणि काही तासांनी काढून घरीच केल्या जाणाऱ्या डायलिसिसवर. त्यांचं ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, 60 किलो आहे. दिवसातून चार पिशव्या, प्रत्येकी 2 लिटरची. तीन दीड टक्का डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरेच्या; हीच साखर अंगातलं पाणी ओढून घेते. अडतंय ते रात्रीच्या चौथीशी. तीही दीड टक्क्याचीच घेतली तर आठ-दहा तासांत साखर शोषली जाते, ओढ संपते आणि पोटातलं पाणी उलट अंगात मुरतं. सकाळी पाय सुजलेले. म्हणून डॉक्टर 4.25 टक्के डेक्स्ट्रोजची पिशवी किंवा आयकोडेक्स्ट्रिन, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचा पदार्थ असलेली पिशवी सुचवतात.

आहाराच्या बाजूने पाहिलं तर 4.25 टक्क्याचा हिशोब लगेच दिसतो. त्या एका पिशवीत 85 ग्रॅम डेक्स्ट्रोज, बाकी तिघींत मिळून 90. साधारण 60 टक्के अंगात जातं असं धरलं, तर 105 ग्रॅम, म्हणजे सुमारे 355 कॅलरी. चारही दीड टक्क्याच्या असत्या तर 245. फरक रोजच्या एका पोळीएवढा, पण महिन्याला जवळजवळ अर्धा किलो चरबीचा. 30 कॅलरी प्रति किलो या हिशोबाने त्यांना 1800 लागतात; त्यातल्या 355 पिशवीतूनच आल्या, तर ताटात उरतात साधारण 1445.

आयकोडेक्स्ट्रिन हळूहळू शोषलं जातं आणि रात्रभर पाणी ओढत राहतं. तेही काही प्रमाणात अंगात जातंच, त्यामुळे ‘कॅलरी शून्य’ हा गैरसमज. पण रक्तातली साखर तशी उसळत नाही, म्हणून मधुमेह असेल तर माझा कल याच्याकडे. ते महाग आहे आणि सहसा दिवसातून एकदाच वापरतात. खरी धास्ती ग्लुकोमीटरची: काही पट्ट्या त्यातून तयार होणाऱ्या माल्टोजलाही साखर समजतात आणि आकडा खोटा वाढवून दाखवतात. त्यावर भरवसा ठेवून इन्सुलिन वाढवलं तर साखर धोकादायक खाली जाते. पट्टी ग्लुकोजपुरतीच नेमकी आहे ना, हे आधी विचारा. पिशवी बंद केल्यावरही काही दिवस ही काळजी घ्यावी लागते.

प्रोटीनच्या बाबतीत मात्र निवडीने फारसं काही बदलत नाही. दोन्हीकडे दिवसाला साधारण 5 ते 15 ग्रॅम प्रोटीन निचऱ्यातून जातं, पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्याला संसर्ग झाला तर आणखी. या बाईंना रोज 60 ते 72 ग्रॅम हवं. पोट भरलेलं वाटतं म्हणून ताटातून पहिली जाते ती आमटी नि पनीर, भात तसाच राहतो. कॅलरी कापायच्या त्या भात, साखर, तुपातून. जेवण निचरा झाल्यावर, नवी पिशवी भरण्याआधी घेतलं तर दोन घास जास्त जातात. अंडं चालत असेल तर पांढरा भाग उत्तम. एकात साडेतीन ग्रॅम प्रोटीन आणि फॉस्फरस नगण्य.

वजन नेहमी पोटातलं द्रव काढून टाकल्यावर, सकाळी, त्याच काट्यावर घ्यायचं. पिशवी पोटात असताना घेतलं तर 2 किलो जास्तच दिसणार. चार दिवसांत दोन किलो वाढलं, बीपी वर आणि घोट्यावर दाबून खड्डा पडतोय, तर ते पाणी: मीठ, निचऱ्याचं माप तपासा आणि डॉक्टरांना कळवा. महिनोन्महिने हळू वाढत असेल आणि सूज नसेल, तर चरबी. उलटंही होतं: काटा स्थिर, पण दंड बारीक होताहेत, हातांची पकड ढिली. तिथे पाण्याने स्नायूंची घट झाकलेली असते, आणि ड्राय वेटच नव्याने ठरवावं लागतं.