टीव्हीची भिंत: लाकडी खाचा की दगडी स्लॅब?

सांगलीत विश्रामबागमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटसाठी मी टीव्हीच्या भिंतीची दोन रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवरची चित्रं, काढून दिली होती. भिंत बारा फूट रुंद, फॉल्स सीलिंगपर्यंत नऊ फूट उंच. एकात उभ्या खाचांचं फ्ल्यूटेड लाकूड, दुसऱ्यात राखाडी दगडाचा स्लॅब आणि दोन्हींत लपवलेल्या एलईडी पट्टीचा पिवळसर उजेड. त्या घरच्या ताई म्हणाल्या, "दोन्ही झकास दिसतायत, आता कसं ठरवायचं?" झकास दिसणारच. दोन्ही चित्रं रात्रीची, दिवे लावलेली होती. म्हणून आधी तीच दोन्ही दुपारची, पट्टी बंद ठेवून काढून दिली. खाचा तशाही भिंतीला पोत देतात, दगड मात्र एकदम सपाट आणि थंड वाटायला लागला.

खरा फरक उजेड कुठून येतो त्यात आहे. ताईंच्या हातात फ्ल्यूटेड पॅनेलचा फूटभर तुकडा दिला, खोलीत अंधार केला आणि मोबाइलची टॉर्च वरून खाली टेकवून धरली. उजेड खाचांमधून सरळ खाली वाहून गेला, उठाव जवळजवळ दिसलाच नाही. तीच टॉर्च बाजूने धरली तेव्हा प्रत्येक लाकडी पट्टीची एक कड उजळ आणि दुसरी काळी झाली. म्हणजे उभ्या खाचांना सीलिंगमधली पट्टी फारशी कामाची नाही, त्यांना बाजूने उजेड लागतो. पण एक लाकडी पट्टी पुढचीवर सावली टाकत जाते, त्यामुळे असा उजेड दोन-अडीच फुटांतच विरतो. बारा फूट भिंत भरून खाचा केल्या तर मधला भाग मेलेलाच राहतो. रेंडरमध्ये हे कळत नाही, कारण आम्ही सरळ एक जादा दिवा टाकून देतो!

दगडाचं उलटं. खडबडीत किंवा मॅट दगडावर वरून घासत येणारा उजेड फार देखणा दिसतो, पण तोच उजेड बसवण्यातली चूकही दाखवतो. रेंडरमध्ये बारा फुटांवर एकच अखंड शीर होती. बाजारातला मोठा सिंटर्ड, म्हणजे कारखान्यात भट्टीत भाजून केलेला, स्लॅब साधारण आठ बाय चार फुटांचा, म्हणजे तीन स्लॅब शेजारी आणि वर फूटभराचा आडवा जोड. दोन स्लॅबमध्ये एक मिलिमीटरचा फरक राहिला तरी पट्टी लावल्यावर तिथे काळी रेघ उमटते, आणि ती रोज डोळ्यांसमोर. सहा मिलिमीटर जाडीचा असला तरी एक स्लॅब चाळीस किलोच्या आसपास भरतो. लिफ्टमध्ये मावत नसेल तर जिन्याचं वळण आधी टेप लावून मोजा.

चकचकीत दगड घेणार असाल तर आणखी एक गोष्ट. साध्या पट्टीत मीटरला साठ दिवे असतात, आणि पॉलिशवर त्यांचे ठिपके एकेक करून मोजता येतात. रेंडरमध्ये पट्टी म्हणजे एक सलग उजळ रेघ असते, त्यामुळे ठिपके येत नाहीत. प्रत्यक्षात दिवे अगदी चिकटून असलेली सीओबी पट्टी, अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल आणि दुधी झाकण लागतं. त्यातही समोर बाल्कनी असेल तर दिवसा टीव्हीच्या शेजारी दगडात अख्खी गॅलरी दिसते. त्यापेक्षा मॅटच घ्या.

बारा व्होल्टची पट्टी एका टोकाकडून पाच मीटरपेक्षा लांब नेली की शेवटचा भाग मंद पडतो. चोवीस व्होल्टची घ्या आणि तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर हाताला लागेल अशा जागी ठेवा. दगडामागे पुरून टाकला तर तो जळाल्यावर स्लॅब फोडावा लागेल. टीव्हीचं वजनही खाचांच्या पॅनेलवर किंवा स्लॅबवर नको. मागे अठरा मिलिमीटरचा प्लाय लावून ब्रॅकेट त्यात कसा.

सांगलीच्या गावभागात, तळमजल्यावर घर असेल तर मात्र मी पाण्याने फुगणाऱ्या एमडीएफच्या खाचा सुचवणार नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुराचं पाणी ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना कारण सांगायला नको. तिथे दगडच, निदान खालचे तीन-चार फूट तरी.

ताईंच्या घरी आम्ही शेवटी खाचा घेतल्या, पण भिंतभर नाही. मधलं सात फुटांचं साधं पॅनेल दोन इंच पुढे काढलं, त्याच्या दोन्ही कडांच्या मागे पट्टी लपवली आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट खाचा ठेवल्या. उजेडाला पोचायचं तेवढंच अंतर. ताईंच्या सासूबाईंनी रेंडर नीट पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, "या खाचांतली धूळ कोण काढणार?" उभ्या आहेत म्हणून कमी साचते, आडव्या असत्या तर प्रत्येक पट्टी म्हणजे एक फळीच झाली असती. तरीही महिन्यातून एकदा रंगकामाचा कोरडा ब्रश फिरवावा लागतो, आणि तो त्यांनी मुलाच्या हातात दिलाय.