वॉलेट बंद करायला गेले आणि बँकेतले ४३,३९२ रुपये गेले

हे लिहायला मला तीन आठवडे लागले. घरातल्यांनाही पहिले दोन दिवस सगळं सांगितलं नव्हतं. पण माझ्याशी तो माणूस जे बोलला ते इतकं पाठ केल्यासारखं होतं, की तेच वाक्य तो आज आणखी कुणाला तरी ऐकवत असणार. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

माझा एक जुना मोबाईल नंबर मला बंद करायचा होता. त्या नंबरवर एक वॉलेट होतं आणि त्या वॉलेटला माझं पगाराचं बँक खातं जोडलेलं होतं. सोडून दिलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या कुणाला तरी देते, हे मला माहीत होतं. त्यामुळे सिम बंद होण्याआधी वॉलेट बंद करायचं, एवढं साधं काम होतं. वॉलेटमध्ये २,३४० रुपये शिल्लक होते. शिवाय शुक्रवारी दुपारी कुणालातरी पाठवलेले १,१५० रुपये अधांतरी होते. माझ्या वॉलेटमधून कापले गेले होते, समोरच्याला मिळाले नव्हते आणि व्यवहारापुढे नारिंगी अक्षरांत ‘Pending’ दिसत होतं.

शनिवारी संध्याकाळी ॲपमध्ये खातं बंद करण्याचा पर्याय शोधून काढला. तो दाबल्यावर निरोप आला की शिल्लक आणि प्रलंबित व्यवहार असल्यामुळे खातं बंद करता येणार नाही. बस, एवढंच. पुढे काय करायचं, किती थांबायचं, काहीच नाही. नंबर सोमवारी बंद होणार होता. मला घाई झाली आणि मी ॲपमधून बाहेर पडून इंटरनेटवर त्या वॉलेटचा कस्टमर केअर नंबर शोधला. माझी पहिली चूक ही.

वरच एक नंबर दिसला. कंपनीचं नाव, बोधचिन्ह, सगळं होतं. मी फोन लावला, दोन रिंग झाल्या आणि कट झाला. मिनिटभरात एका साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून मला उलटा फोन आला. तेव्हा मला वाटलं, किती तत्पर सेवा! आता कळतंय की हीच खूण होती. ज्या कंपनीला मी माझं नावही सांगितलं नव्हतं, ती मला एका मिनिटात स्वतःहून फोन का करेल?

माणूस स्वच्छ मराठी बोलत होता. ‘मॅडम, तुमचं क्लोजर पेंडिंग बॅलन्समुळे अडकलंय. लिंक असलेल्या बँक खात्यात पैसे परत टाकले की वॉलेट आपोआप बंद होईल. दहा मिनिटांचं काम आहे.’ माझी अडचण त्याने माझ्याच शब्दांत मला परत सांगितली. मीच दोन वाक्यांपूर्वी ती त्याला सांगितली होती, हे तेव्हा लक्षात आलं नाही. आपल्या मनातलं कुणी बोललं की विश्वास बसतोच.

मग त्याने एक ॲप उतरवून घ्यायला लावलं. ‘क्लोजर फॉर्म भरण्यासाठी’ म्हणाला. ते खरं तर आपल्या फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारं ॲप होतं. त्यात आलेला नऊ आकडी क्रमांक मी त्याला वाचून दाखवला आणि परवानगीच्या चौकटीवर ‘Allow’ दाबलं. त्या क्षणापासून माझ्या फोनवर येणारा प्रत्येक मेसेज तो माझ्याबरोबर वाचत होता. वॉलेटच्या लॉगिनचा ओटीपी आला तेव्हा त्याने तो विचारलासुद्धा नाही. मी ओटीपी कुणालाही सांगत नाही याचा मला अभिमान होता, आणि त्या दिवशीही मी तो तोंडाने सांगितला नाहीच. तरी माझ्या वॉलेटमधले २,३४० रुपये कसल्यातरी खरेदीत उडाले, ते मला रात्री कळलं.

खरा घाव पुढे आहे.

तो म्हणाला, ‘आता लिंक असलेलं बँक खातं व्हेरिफाय करू. मी एक यूपीआय आयडी सांगतो, तो टाका. हा आपल्या रिफंड डेस्कचा आहे.’ मी टाकला. पडद्यावर एका माणसाचं नाव आलं, कंपनीचं नाही. मी विचारलंही. ‘ते आमचे रिफंड अधिकारी आहेत,’ उत्तर तयार होतं. ‘आता खाली चौकट दिसतेय ना, तिथे तुमचा क्लोजर कोड टाका. एक, आठ, सात, चार, दोन.’

ती चौकट रकमेची होती. मी तिथे १८७४२ टाकलं. पाच आकडी कोड म्हणूनच टाकलं, कारण त्याने एकेक आकडा सुटा सांगितला होता. ‘अठरा हजार सातशे बेचाळीस’ असं तो एकदाही म्हणाला नाही. आकड्याआधी रुपयाचं चिन्ह होतं, खाली निळ्या बटणावर ‘Pay’ लिहिलेलं होतं आणि मी ते बघितलं होतं. पण कानात ‘कोड’ हा शब्द होता आणि डोळ्यांपेक्षा मी कानांवर विश्वास ठेवला. पिन टाकला.

‘मॅडम, कोड एक्स्पायर झाला. सर्व्हर दुसरा देतोय. दोन, चार, सहा, पाच, शून्य.’ मी तेही केलं. पुन्हा पिन. वर बँकेचा मेसेज सरकून गेला. तो लगेच म्हणाला, ‘मेसेज उघडू नका, प्रोसेस तुटेल.’

तेवढ्यात दादा खोलीत आला. मी फोन स्पीकरवर ठेवून पिनबद्दल काहीतरी बोलत होते, ते त्याने ऐकलं. ‘अगं, पैसे यायला पिन कशाला लागतो?’ एवढंच म्हणाला. मी फोन कट केला. हात थरथरत होते. बँकेचे मेसेज उघडले: १८,७४२ आणि २४,६५०. दोन्ही खात्यातून गेलेले. एकूण ४३,३९२.

दादाने माझ्या हातातून फोन घेऊन आधी इंटरनेट बंद केलं, मग ते पडदा दाखवणारं ॲप काढून टाकलं. त्याच्या फोनवरून आम्ही बँकेला फोन केला. नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला होता तो घेतला, पुन्हा शोधायला गेलो नाही. यूपीआय बंद करायला लावलं. लगेच १९३० वर फोन केला, तो सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक. तिथे त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ. हे तीन तयार ठेवा, शोधाशोधीत मिनिटं जातात. नंतर cybercrime.gov.in वर सविस्तर तक्रार भरली.

फसवणूक झाल्यापासून तक्रार नोंदेपर्यंत साधारण चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात पहिली रक्कम पुढच्या खात्यांत फिरून निघून गेली होती. दुसऱ्या रकमेतले २१,००० रुपये समोरच्या बँकेत गोठवले गेले. ते अजून माझ्या हातात आलेले नाहीत.  पण निदान कुठे आहेत ते माहीत आहे.

सोमवारी बँकेत गेले. मला वाटत होतं की तीन दिवसांत कळवलं की बँक पैसे भरून देते. तसं सरसकट नसतं, हे तिथल्या बाईंनी मला शांतपणे समजावलं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांची जी सवलत आहे, ती चूक ना ग्राहकाची ना बँकेची, अशा प्रकरणांसाठी. ग्राहकाच्या हलगर्जीमुळे नुकसान झालं असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर काही गेलं तर ते बँकेचं. आणि मी तर स्वतःच्या हाताने दोनदा पिन टाकला होता. ऐकताना फार लागलं, पण हे तुम्हाला आधी माहीत असावं. दर मिनिटाला जबाबदारी आपल्याच अंगावर असते, म्हणून ‘सकाळी बँकेत जाऊन बघू’ असं चुकूनही करू नका.

त्याच बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली, जी मी एकटी असते तर नक्की चुकले असते. रागाच्या भरात मी ते वॉलेट तिथल्या तिथे कायमचं बंद करायला निघाले होते. त्या म्हणाल्या, ‘अजिबात नको. व्यवहारांची यादी आत आहे, तक्रारही तिथूनच करायची. आधी पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, बँक खातं त्यातून काढा. वॉलेट तसंच राहू द्या.’ जुना नंबर बंद करायचंही मी पुढे ढकललं, कारण वॉलेट कंपनीची आणि पोलिसांची उत्तरं त्याच नंबरवर येणार होती.

मग मी ॲपमधल्या मदतीच्या भागात गेले. त्या अडकलेल्या व्यवहारावर बोट ठेवलं की तिथेच तक्रार करण्याचा पर्याय होता. शनिवारीही तो तिथेच होता. खरी कस्टमर केअर तीच, आणि तिथे कुणी तुम्हाला कोड टाकायला सांगत नाही. त्यांनी नंतर लेखी कळवलं, त्यानुसार खातं बंद करताना शिल्लक ज्या खात्यातून भरली होती तिथे परत जाते किंवा केवायसी झालेलं असेल तर आपल्याच नावाच्या बँक खात्यात जाते. ते पैसे कंपनी पाठवते. आपण कुठल्याही आयडीवर काही पाठवायचं नसतं, त्यामुळे आपला पिन कुठे येतच नाही. बँक खातं वॉलेटमधून काढणं हे मात्र वेगळं काम आहे. वॉलेट बंद झालं म्हणून दर महिन्याला पैसे कापण्याची दिलेली परवानगी रद्द झाली असं धरून चालू नका, ती यूपीआयच्या ऑटोपे यादीत जाऊन तपासा. माझ्या यादीत एक विसरलेली वर्गणी निघाली.

आणि ते १,१५० रुपये, ज्यांच्यामुळे खातं बंद होत नव्हतं? एकाच वॉलेटच्या दोन खात्यांमधले पैसे असे अडकले तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत करायचे असतात आणि उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. माझा व्यवहार शुक्रवारचा होता. शनिवारी रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी, दादाच्या फोनवर आम्ही १९३० ची तक्रार नोंदवत होतो तेव्हा, माझ्या वॉलेटमध्ये १,१५० रुपये परत आल्याचा मेसेज आला.